फॅमिली प्लॅनमध्ये एकाचंच नेट बंद पडलंय? आधी काय बघायचं आणि मेन नंबरच्या ॲपमध्ये काय बदलायचं

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला छोटीचा फोन आला. छोटी म्हणजे माझी चुलतबहीण, सांगलीला हॉस्टेलवर असते. "ताई, माझं नेट गेलंय, सकाळी सबमिशन आहे, दादाला सांगून २५ जीबीचा पॅक पण मारून घेतला तरी नेट येत नाहीये, पैसे गेले ना फुकट?" पैसे फुकट गेले नव्हते, पॅक जिथे जायला हवा तिथे बरोबर गेला होता, पण तिच्या नंबरपर्यंत पोचत नव्हता. हा घोळ फॅमिली प्लॅनमध्ये नव्याने आलेल्या जवळपास प्रत्येकाचा कधीतरी होतो म्हणून नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळी.

आधी प्लॅन कसा चालतो ते समजून घ्या, नाहीतर पुढच्या स्टेप्स डोक्यावरून जातील. पोस्टपेड फॅमिली प्लॅनमध्ये एक मेन नंबर असतो, त्याला कंपनीवाले प्रायमरी म्हणतात, आणि बाकीचे ॲड-ऑन नंबर. बिल एकच येतं, मेन नंबरवाल्याच्या नावावर. डेटाचं मात्र प्रत्येक कंपनीत, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन प्लॅनमध्येसुद्धा, वेगळं असतं. काही ठिकाणी सगळ्यांचा डेटा एकत्र असतो आणि ज्याला लागेल तो ओढतो, काही ठिकाणी प्रत्येकाला थोडा स्वतःचा आणि वर थोडा सामाईक. आमच्या काकांचा पहिल्या प्रकारातला आहे, चार नंबर, मिळून १५० जीबी. गच्चीवरची एक टाकी आणि तिला चार नळ असं समजा. आणि ह्यातली गंमत अशी की प्रत्येक नळाला एक चावी असते, ती चावी मेन नंबरवाल्याच्या ॲपमध्ये असते आणि ती त्याने कधीतरी फिरवून ठेवलेली असते, बऱ्याचदा विसरूनही गेलेला असतो.

म्हणजे "नेट गेलं" ह्याचे अर्थ चार-पाच होतात. टाकी रिकामी झाली, किंवा टाकीत पाणी आहे पण तुमच्या नळाची चावी बंद आहे, किंवा बिल थकल्यामुळे लाईनच बंद केलीये, किंवा कंपनीकडे सगळं ठीक आहे आणि गडबड तुमच्या हातातल्या फोनमध्ये आहे. पॅक मारणं हा इलाज फक्त पहिल्या दुखण्यावर चालतो आणि लोक नेमका तोच आधी करतात.

पहिली स्टेप: तीन प्रश्न, ॲप उघडायच्या आधी

कॉल लागतोय का? एसएमएस येतात का? आणि घरातल्या बाकीच्यांचं नेट चालू आहे का?

कॉल लागतोय, एसएमएस येतायत, फक्त नेट नाही, आणि बाकी सगळ्यांचं मजेत चालू आहे, तर नव्वद टक्के वेळा तुमच्या एकट्याच्या नंबरवर लिमिट लागलेलं असतं नाहीतर फोनची सेटिंग असते. बाकीच्यांचं पण गेलं असेल तर टाकी संपली. आउटगोइंग लागत नाही, फोन लावला की कंपनीची बाई काहीतरी रेकॉर्डेड ऐकवते, पण बाहेरून कॉल येतात, तर ते डेटाचं प्रकरणच नाही, लाईन बार केलीये, त्यासाठी खाली वेगळं लिहिलंय तिकडे जा. आणि रेंजच नाही, वरती काड्याच येत नाहीत, तर सिम किंवा हँडसेट.

अजून एक बारीक गोष्ट बघायची, नेट पूर्ण बंद आहे की मरणाचं स्लो आहे. बऱ्याच प्लॅनमध्ये कोटा संपला की नेट कापत नाहीत, स्पीड ६४ केबीपीएसवर आणतात. ऐकायला आकडा बरा वाटतो पण हे किलोबिट असतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ केबी, दोन एमबीचा फोटो यायला चार मिनिटांच्या वर. ह्याची खूण अशी की व्हॉट्सॲपचा नुसता टेक्स्ट मेसेज थोडा वेळ घड्याळ दाखवून जातो, आणि फोटोवर गोल फिरत राहतं ते फिरतच राहतं. टेक्स्ट पण जात नसेल तर पूर्ण बंद. काही प्लॅनमध्ये तर दोन्ही करत नाहीत, नेट चालूच ठेवतात आणि वरच्या वापराचे पैसे बिलात लावतात, एमबीला दोन पैसे असा दर असेल तर दिसायला काहीच नाही पण जीबीला वीस रुपये होतात, १५ जीबी जास्त वापरलं की तीनशे रुपये वर, वर जीएसटी. तुमच्या प्लॅनमध्ये ह्यातलं काय होतं ते प्लॅनच्या माहितीत शेवटी बारीक अक्षरात असतं, एकदा वाचून ठेवा.

छोटीचं काय होतं? कॉल चालू, एसएमएस चालू, काकू इचलकरंजीत त्याच वेळी यूट्यूबवर रेसिपी बघत होत्या. म्हणजे टाकीत पाणी होतं. पॅक मारायच्या आधी काकूंना एक फोन केला असता तर कळलं असतं.

दुसरी स्टेप: स्वतःचा फोन

ही स्टेप लोकांना कंटाळवाणी वाटते पण मालकाला, म्हणजे मेन नंबरवाल्याला, रात्री उठवायच्या आधी करून घ्या, नाहीतर नंतर खजील व्हायला होतं.

अँड्रॉइडमध्ये फोनची स्वतःची एक डेटा लिमिट असते, कंपनीशी त्याचा काही संबंध नाही. साध्या अँड्रॉइडवर Settings मध्ये Network & internet, तिथे SIMs, आपलं सिम, आणि मग Data warning & limit. सॅमसंगवाल्यांना Connections मध्ये Data usage आणि तिथे Billing cycle and data warning असं मिळेल. तिथे Set data limit चालू असेल आणि आकडा गाठला गेला असेल तर फोन स्वतःच मोबाईल डेटा बंद करतो. ते बटण बंद करा. आयफोनमध्ये असं लिमिट नसतं पण Mobile Data च्या पानावर खाली प्रत्येक ॲपसमोर बटण असतं, एखादंच ॲप चालत नसेल तर तिथे बघा.

हे करताना एक गोष्ट डोक्यात ठेवा, फोन जो आकडा दाखवतो तो कंपनीचा आकडा नाही. फोन बहुतेक एक तारखेपासून मोजतो आणि कंपनी बिलाच्या तारखेपासून. काकांचं बिल १२ तारखेला बनतं, म्हणजे कोटा पण १२ ला नवीन होतो. छोटी मला २७ तारखेला सांगत होती की "फोनमध्ये ३४ जीबी दाखवतंय" आणि त्यातले पहिले ११ दिवस आधीच्या सायकलचे होते. त्याच सेटिंगच्या पानावर सायकलची तारीख बदलता येते, १२ करून टाका, मग दोन्ही आकडे साधारण जुळतात. अगदी जुळणार नाहीत, थोडा फरक राहतो, आणि भांडायची वेळ आली तर कंपनीचा आकडा धरतात.

दोन मिनिटांची अजून एक तपासणी आहे जी फार कमी जणांना माहितीये. भारतात 1925 ह्या नंबरवर मेसेज करून मोबाईल डेटा कंपनीच्या बाजूनेच चालू-बंद करता येतो. लहान मुलाच्या हातात फोन गेला, किंवा कुणीतरी पूर्वी बिल वाचवायला बंद करून ठेवला, आणि मग सगळं चेक करून पण नेट येत नाही असं होतं. चालू करायला त्या सिमवरून हा मेसेज 1925 ला पाठवा, पैसे पडत नाहीत:

```
START
```

आणि शेवटचं, सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालून बघा. तिथे नेट आलं तर दोष फोनचा, कंपनीला आणि काकांना सोडून द्या. उलट तुमच्या फोनमध्ये कुठलंच सिम रेंज पकडत नसेल आणि तो फोन आधी हरवला म्हणून तक्रार केलेली असेल, तर तो आयएमइआयवरून, म्हणजे हँडसेटच्या स्वतःच्या ओळख-नंबरवरून, ब्लॉक केलेला असू शकतो. सरकारच्या संचार साथी ह्या साइटवर जाऊन फोन सापडला म्हणून अनब्लॉकची विनंती टाकावी लागते, सिम बदलून काही होणार नाही.

तिसरी स्टेप: मालकाचं ॲप

आता खरा मुद्दा. ॲड-ऑन नंबरवाल्याला स्वतःच्या ॲपमध्ये फार कमी दिसतं. छोटीच्या ॲपमध्ये नुसतं "डेटा शिल्लक ०" असं येत होतं आणि खाली पॅक घ्या म्हणून मोठ्ठं बटण. ते शून्य कशामुळे हे तिथे लिहिलेलंच नव्हतं. टाकी आणि चाव्या दोन्ही एकत्र फक्त मेन नंबरच्या लॉगिनमध्ये दिसतात.

मग काकांना फोन केला. झोपले नव्हते, बातम्या बघत होते.

"काका, तुमच्या फोनात कंपनीचं ॲप आहे ना, ते उघडा जरा."

"उघडलं. इथं तर आमचं बाकीच्यांचं कुणाचंच नाव दिसंना. रिचार्ज करा म्हणतंय."

इथेच अर्धा तास जातो सगळ्यांचा. काकांच्या फोनमध्ये दोन सिम आहेत, एक फॅमिली प्लॅनचं आणि एक जुनं प्रीपेड, दुकानाचं, आणि ॲपमध्ये लॉगिन होतं दुकानाच्या नंबरने. म्हणून पहिलं काम, ॲपमध्ये वरच्या कोपऱ्यात कुठला नंबर दिसतोय ते वाचून दाखवायला सांगा. तो मेन नंबर नसेल तर नंबर बदला, ओटीपी मेन सिमवर येईल. हे लांबून करत असाल तर ओटीपी टाकायचं काम मालकालाच करू दे, तुम्ही फक्त सांगत राहा. घरातल्या घरात ओटीपी फोनवर विचारायची सवय लागली की उद्या "मी कंपनीतून बोलतोय" म्हणणाऱ्यालाही त्याच सहजतेने सांगितला जातो.

मग फॅमिली, किंवा माझे कनेक्शन्स, किंवा मॅनेज मेंबर्स असं काहीतरी पान असतं, नाव ॲपप्रमाणे बदलतं आणि अपडेट आलं की जागाही बदलते. ते उघडल्यावर मालकाला आकडे मोठ्याने वाचायला लावा, दोन प्रकारचे: एकूण किती आणि त्यातले वापरले किती, आणि मग प्रत्येक नंबरसमोर काय लिहिलंय. काकांनी वाचलं ते असं होतं. एकूण १७५ जीबी, वापरले ७१. काकांचे ९, काकूंचे १६, दादाचे २६, आणि छोटीसमोर २० पैकी २०.

बघा, इथे सगळं कळलं. १५० चे १७५ झालेत म्हणजे दादाने मारलेला २५ चा पॅक टाकीत नीट पडलाय. टाकीत १०४ जीबी शिल्लक आहेत. पण छोटीच्या नळाला २० ची चावी आहे, आणि टाकीत हजार जीबी ओतले तरी तिच्याकडे एक थेंब येणार नव्हता. ही चावी काकांनीच लावलेली, ती बारावीला असताना, अभ्यास करावा म्हणून. त्याला दोन वर्षं झाली. घरी वायफाय होतं तोवर तिचं महिन्याला सहा-सात जीबीच्या वर कधी गेलंच नाही म्हणून ती लिमिट कधी आडवी आली नाही. हॉस्टेलचं वायफाय त्या महिन्यात बंद पडलेलं, रोजचं सव्वा-दीड जीबी, पंधरा दिवसांत वीस पार. त्याआधी कोटा संपत आल्याचे मेसेज तिला येऊन गेले होते, ऑफरच्या मेसेजच्या गर्दीत पडलेले, नंतर शोधले तर सापडले.

म्हणून पॅक विकत घ्यायच्या आधी एवढंच विचारा, हा पॅक टाकीत पडणार की एका नंबरवर? टाकीत पडणारा असेल आणि नंबरला लिमिट असेल तर आधी लिमिट.

लिमिट बदलायला त्या मेंबरच्या नावावर टॅप करायचं, तिथे आकडा वाढवायचा किंवा लिमिट काढूनच टाकायची, आणि सेव्ह किंवा कन्फर्म. बऱ्याच जणांचं हे शेवटचं राहतं, आकडा सरकवतात आणि बॅक मारतात. कन्फर्म केल्यावर मेन नंबरवर मेसेज येतो, तो आला की नाही ते विचारा. आमचं ४० करायचं ठरलं. काका म्हणाले काढूनच टाक की, पण मीच नको म्हटलं, कारण लिमिट नसेल तर एकाच्या फोनचं रात्रभर बॅकअप मोबाईल डेटावर चालतं आणि सकाळी चौघांचं नेट जातं, आणि मग कुणी खाल्लं ह्यावर घरात पंचायत बसते.

लिमिट वाढवल्यावर लगेच नेट येईलच असं नाही. फोन जुन्याच जोडणीवर अडकून बसलेला असतो. फ्लाइट मोड चालू करा, अर्धा मिनिट थांबा, बंद करा. तरी नाही तर फोन बंद-चालू. ॲपमध्ये नवीन लिमिट दिसतेय आणि तरी दोन-तीन तासांत नेट आलं नाही तर मग कंपनीला फोन करायचा. छोटीचं फ्लाइट मोडनेच आलं, पावणेबारा वाजले होते.

त्याच पानावर अजून दोन-तीन बटणं असतात ती पण बघून घ्या. काही ॲपमध्ये मेंबरचा डेटा पूर्ण बंद करायचं बटण असतं आणि ते चुकून दाबलं जातं. काहींमध्ये आयएसडी आणि इंटरनॅशनल रोमिंगची परवानगी तिथूनच असते, परदेशी जाणाऱ्याने विमानतळावर पोचायच्या आधी मालकाकडून ते चालू करून घ्यावं, तिकडे उतरल्यावर मेन नंबरचा ओटीपी मागत बसू नये. आणि महिन्याच्या मधेच नवीन नंबर जोडला असेल तर त्याचा पहिल्या सायकलचा डेटा बऱ्याचदा राहिलेल्या दिवसांच्या हिशोबाने येतो, ३० जीबीचा प्लॅन आणि दहा दिवस राहिलेत तर १०. नवीन लोकांना वाटतं फसवलं.

लाईनच बार झाली असेल तर

हे वेगळं दुखणं. इथे डेटाची लिमिट कितीही वाढवा, उपयोग नाही.

बिल थकलं की कंपनी आधी आउटगोइंग बंद करते, मग काही दिवसांनी इनकमिंग, आणि तरी भरलं नाही तर नंबर कायमचा जातो आणि पुढे दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. शेवटच्या टप्प्याला जाऊ देऊ नका, बँकेचे सगळे ओटीपी त्या नंबरवर असतात. मेन बिल थकलं तर शक्यतो सगळ्यांचेच नंबर बंद होतात, म्हणून चौघांचं एकदम गेलं तर मालकाचं बिल बघा, बऱ्याचदा ऑटो-पेचं कार्ड एक्सपायर झालेलं असतं आणि मालकाला पत्ता नसतो.

पण एकाचंच आउटगोइंग बंद झालं तर? दादाचं झालं तसं. दादा आधी स्वतःच्या वेगळ्या पोस्टपेडवर होता, मग काकांच्या प्लॅनमध्ये जोडला. जोडायच्या आधीच्या अठरा दिवसांचं बिल त्याच्या जुन्या अकाउंटवर बनलं, ३१२ रुपये, आणि ते गेलं त्याच्या जुन्या ईमेलवर जो तो उघडत नाही. काका मात्र दर महिन्याला फॅमिलीचं बिल वेळेवर भरत होते आणि पावत्या दाखवत होते. दोन महिन्यांनी दादाचं आउटगोइंग बंद. कस्टमर केअरवरचा पहिला माणूस म्हणाला बिल भरलेलं नाही, काका म्हणाले भरलंय, आणि दोघांचंही बरोबर होतं. तिसऱ्या फोनला दादाने नेमका प्रश्न विचारला, "माझ्या नंबरवर जुन्या स्वतंत्र अकाउंटची काही बाकी आहे का, अकाउंट नंबर सांगा," तेव्हा निघालं. भरल्यावर तासाभरात चालू. तुम्ही नंबर फॅमिलीत नेताय तर जुन्या अकाउंटचं शेवटचं बिल मागून घ्या आणि निल झाल्याचा मेसेज ठेवा. ही बाकी राहिली तर पुढे नंबर पोर्ट करायला गेलात तरी अडतं.

दुसरं कारण क्रेडिट लिमिट. पोस्टपेडला कंपनी ठराविक रकमेपर्यंतच उधार देते, बिल बनायच्या आधीच तेवढा वापर झाला की सेवा थांबवू शकते. ८० टक्के झाले की मेसेज येतो. साध्या वापरात हे कधी लागत नाही, पण रोमिंग पॅक न घेता परदेशात नेट चालू राहिलं, किंवा आयएसडीवर लांब गप्पा झाल्या की लागतं, आणि ज्याच्या नंबरवर ती रक्कम चढली त्याचाच नंबर बंद होऊ शकतो. इथे बिलाची वाट बघायची नाही, ॲपमधून चालू महिन्याच्या वापरापोटी काही रक्कम आधीच भरायची, लाईन सुटते. मेन नंबरच्या ॲपमध्ये ही रक्कम अनबिल्ड म्हणून दिसते.

तिसरं, सिम. नवीन सिम घेतलं किंवा ई-सिमवर गेलात तर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, दोन्ही बाजूंनी. तो नियम आहे, फसवणूक टाळायला, ब्लॉक झालेलं नाही, थांबा. आणि स्क्रीनवर PUK मागत असेल तर सिमचा पिन तीनदा चुकलाय. अंदाजाने आकडे टाकत बसू नका, दहा वेळा चुकलं की सिम कायमचं बाद. PUK कंपनीकडून मिळतो, ज्याच्या नावावर नंबर आहे त्याची ओळख पटवून.

हे "ज्याच्या नावावर" प्रकरण आधीच बघून ठेवा. काही घरांत चारही सिम वडिलांच्या आधारवर घेतलेली असतात, काहींत प्रत्येकाचं आपापल्या नावावर असतं आणि फक्त बिल एकत्र. पहिल्या प्रकारात पुण्यात तुमचं सिम खराब झालं तर नवीन सिमसाठी वडिलांनाच दुकानात उभं राहावं लागतं. कुणाच्या नावावर किती नंबर आहेत ते संचार साथीवर मोबाईल नंबर आणि ओटीपी टाकून दिसतं. काकांनी बघितलं तर दुकानातल्या पोऱ्याला कधीतरी घेऊन दिलेलं एक सिम पण निघालं, पोऱ्या सोडून गेला त्याला चार वर्षं झाली.

आणि लाईन बंद झाली असताना "केवायसी अपूर्ण आहे, दोन तासांत नंबर बंद होईल, नऊ दाबा" असा फोन आला तर तो योगायोग आहे असं समजून कट करा. कंपनी किंवा तिच्यावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था ट्राय असे फोन करत नाही. ॲप डाउनलोड करायला सांगितलं, स्क्रीन दाखवा म्हटलं, की ठेवून द्या. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, लगेच फोन करा.

कंपनीला फोन करायचाच असेल तर

198 वर तक्रार. मेन नंबरवरून केला तर बरं, ॲड-ऑनवरून केला की "प्रायमरी होल्डरला कॉल करायला सांगा" हे उत्तर मिळतं, मला तीनदा मिळालंय. "नेट चालत नाही" म्हणू नका, फोन रिस्टार्ट करा म्हणून सांगतील आणि ठेवतील. असं विचारा: अमुक नंबरवर मेंबर लिमिट किती आहे, डेटा किंवा आउटगोइंग बार आहे का, असेल तर कुठल्या कारणाने आणि कुठल्या तारखेपासून. कारण सांगितल्याशिवाय सोडू नका. मग तक्रार नंबर घ्या, मेसेजमध्ये येतो. दिलेल्या मुदतीत झालं नाही तर त्याच तक्रार नंबरवर कंपनीच्या अपील अथॉरिटीकडे जाता येतं, नंबर नसेल तर पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगा.

आमच्याकडे आता काकांच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलाय. मेन नंबर कुठला, बिलाची तारीख १२, कुणाला किती लिमिट, कुणाचं सिम कुणाच्या नावावर. लिमिट बदलली की काकू पेनाने खोडून नवीन लिहितात. छोटीच्या पुढे ४० आहे, आणि त्याच्या बाजूला काकांनी बारीक अक्षरात "परीक्षेनंतर ३०" असं लिहिलंय, ते अजून तिने बघितलेलं नाही.